पाणीसुद्धा अडकतं, आणि एंडोस्कोपी म्हणते सगळं ठीक

डॉक्टर, माझं वय ३८. प्राथमिक शिक्षिका आहे, सातारा जिल्ह्यात. तीन वर्षांपासून घास छातीत अडकतो. भाकरीच काय, पाणीही अडकतं. मी उभी राहते, पाण्याचे घोट घेते, मग कधीतरी खाली सरकतं. आता प्रत्येक जेवणात हेच. रोज एकदा तरी खाल्लेलं तसंच वर येतं, रात्री उशीवर पाणी सांडलेलं असतं, ठसका लागून जाग येते. अधूनमधून छातीत कळ येते. वजन ५८ वरून ५१ किलोवर आलं. दोन वर्षं ॲसिडिटीच्या गोळ्या घेतल्या. एंडोस्कोपी झाली, 'नॉर्मल' आली, तेव्हापासून घरचे म्हणतात टेन्शन घेतेस म्हणून होतं. नव्या डॉक्टरांनी बेरियम पाजून फोटो काढले. रिपोर्टमध्ये लिहिलंय: १ मिनिटाला १३ सेमी, ५ मिनिटांना १० सेमी, खालचं टोक निमुळतं, अकॅलेशियाची शंका. आता ते नाकातून नळी घालून मॅनोमेट्री करा म्हणतात. फोटोत दिसलंच आहे तर नळी कशाला? आणि एंडोस्कोपी नॉर्मल असताना हा आजार असू शकतो का?

— एक शिक्षिका

ताई, नळीची तपासणी करून घ्या. तुमचे फोटो खरोखर बोलके आहेत, पण पुढे कोणता उपाय करायचा हे त्यांच्यावरून ठरत नाही. ते मॅनोमेट्रीवरून ठरतं. आणि हो, एंडोस्कोपी नॉर्मल असूनही हा आजार असू शकतो. सुरुवातीच्या काळात तर बऱ्याच जणांची तशीच असते. टेन्शनचा विषय मी इथेच बाजूला ठेवतो. टेन्शनने घशात गोळा आल्यासारखं वाटतं खरं, पण तो गोळा जेवताना उलट कमी होतो. पाच मिनिटं उभं राहूनही बेरियमचा दहा सेंटिमीटरचा खांब छातीत तसाच राहावा, हे टेन्शनचं काम नव्हे.

गिळायला त्रास होतो म्हणून कुणी आलं की मी यंत्राआधी एकच गोष्ट खोदून विचारतो: आधी काय अडकायला लागलं? अन्ननलिका आतून अरुंद होत असेल, म्हणजे गाठ असेल, जुन्या ॲसिडने पडलेला व्रण आवळला असेल किंवा कधी चुकून ॲसिड पोटात गेलं असेल, तर पहिल्यांदा भाकरी अडते, मग चपाती, मग भात, आणि पातळ पदार्थांची पाळी सर्वांत शेवटी येते. भोक जसजसं लहान होतं तसतशी तक्रार पुढे सरकते. पन्नाशी-साठीतल्या माणसाला हे असं महिन्या-दोन महिन्यांत वाढत गेलं तर आम्ही वेळ घालवत नाही, थेट दुर्बीण. तुमचं तसं नाही. भाकरी आणि पाणी दोन्ही अडकतं, वर्षानुवर्षं चालू आहे, कधी जास्त कधी कमी. अन्ननलिकेचं भोक लहान झालेलं नसून तिची हालचाल बिघडली आहे, असा याचा अर्थ होतो.

दुसरा प्रश्न ठसक्याचा. घास गिळतानाच ठसका येतो, पाणी नाकातून बाहेर येतं, घास तोंडातून मागे ढकलायलाच कष्ट पडतात, असं असेल तर दोष अन्ननलिकेच्या वर, घशात असतो. पक्षाघातानंतर किंवा स्नायूंच्या काही आजारांत असं होतं, आणि त्यांची तपासणीही वेगळी. तुमचा ठसका रात्रीचा आहे, आडवं झाल्यावर. म्हणजे वर साठून राहिलेलं श्वासनलिकेकडे वाहतं. जे वर येतं ते आंबट-कडू लागतं का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. 'खाल्लेलं तसंच' असं लिहिलंय, त्यावरून वाटतं की ते जठरापर्यंत पोचलेलंच नाही.

आजार नक्की काय आहे ते थोडक्यात सांगतो, नाहीतर पुढचे आकडे कोरडे वाटतील. अन्ननलिकेच्या स्नायूंमध्ये मज्जापेशींचं एक जाळं असतं. त्यातल्या काही पेशी स्नायूला आवळायला सांगतात, काही सैल व्हायला. सैल करणाऱ्या पेशी नायट्रिक ऑक्साइडसारखे पदार्थ सोडून काम करतात. अकॅलेशियात नेमक्या या पेशी हळूहळू नष्ट होतात. मग दोन गोष्टी बिघडतात. जठराच्या तोंडाशी जे स्नायूंचं कडं असतं (सोयीसाठी त्याला झडप म्हणू) ते घास आल्यावर उघडत नाही. आणि अन्ननलिकेतून वरून खाली जाणारी, घास ढकलणारी लाट उठेनाशी होते. त्या पेशी का मरतात याचं पक्कं उत्तर अजून मिळालेलं नाही. बहुधा शरीराचीच प्रतिकारशक्ती त्यांच्यावर उलटते. आजार विरळ आहे, लाखभर लोकांत वर्षाला साधारण एखादा नवा रुग्ण. त्यामुळे एखाद्या फॅमिली डॉक्टरच्या सगळ्या कारकिर्दीत असे एक-दोनच रुग्ण येतात आणि ॲसिडिटी म्हणून निघून जातात. तुमच्या पहिल्या डॉक्टरांवर फार रागावू नका.

ॲसिडिटीचा घोळ होण्याला एक कारणही आहे. अन्ननलिकेत साठलेलं अन्न तिथेच आंबतं, त्यातून आम्ल तयार होतं आणि छातीत जळजळतं. ही जळजळ जठरातून वर आलेल्या ॲसिडची नसते, म्हणून पॅन्टोप्राझोलने ती फारशी हटत नाही. दोन-दोन वर्षं गोळ्या घेऊनही उतार नाही आणि त्यात पाणीही अडकतं, असं असेल तर निदान पुन्हा तपासायला हवं.

आता एंडोस्कोपी. कॅमेरा आतलं अस्तर दाखवतो, स्नायूची ताकद मोजत नाही. दुर्बीण झडपेवर थोडा जोर देऊन आत ढकलली की झडप ती आत जाऊ देते, आणि अन्ननलिका अजून फुगलेली नसेल तर रिपोर्टवर 'नॉर्मल' असंच लिहिलं जातं. तरीही ती तपासणी वाया गेली नाही. गाठ, व्रण, आवळलेली जागा हे सगळं तिने बाजूला केलं, आणि हे आधी होणं गरजेचंच होतं. फक्त एक बघा: तुमच्या एंडोस्कोपीच्या कागदावर 'बायोप्सी' असं काही लिहिलंय का? इओसिनोफिलिक इसोफॅजायटिस नावाचा एक ॲलर्जीच्या जातीचा आजार आहे. त्यात अस्तर वरून ठीक दिसू शकतं आणि अन्ननलिकेच्या वरच्या व खालच्या भागांतून चिमूटभर तुकडे घेतल्याशिवाय तो सापडत नाही. त्यात मुख्यतः घट्ट पदार्थ अडकतात, रुग्ण बहुधा तरुण असतो, दमा किंवा सर्दीची ॲलर्जीही असते. तुमच्या वर्णनाशी हे फारसं जुळत नाही, पण पुन्हा कधी दुर्बीण घातली गेली तर तुकडे घ्यायला सांगा. दुर्बीण कधी झाली तेही महत्त्वाचं. दीड-दोन वर्षं उलटली असतील तर उपायाआधी ती पुन्हा करतातच. तसंच हिमोग्लोबिन किती आहे ते पाहा. लोहाची कमतरता जुनी असली की काही बायकांच्या घशाच्या खालच्या भागात पातळ पडदा येतो आणि घट्ट घास तिथे अडतो. दुर्बीण पटकन खाली गेली तर हा पडदा निसटतो किंवा नकळत फाटतोही. मात्र त्यात पाणी अडत नाही.

तुमच्या फोटोंकडे वळू. जी तपासणी झाली तिला टाइम्ड बेरियम म्हणतात, आणि ती साध्या बेरियम स्वॅलोपेक्षा फार कामाची आहे. साध्या तपासणीत रेडिओलॉजिस्ट घोटाघोटाने बेरियम देऊन, उभं-आडवं करून, लाट कशी जाते ते पडद्यावर बघतात. टाइम्ड तपासणीत सरळ उभं राहून पातळ बेरियम, साधारण १०० ते २५० मिली, अर्ध्या-पाऊण मिनिटात प्यायचं असतं. जेवढं वर न येता पिता येईल तेवढंच. मग १, २ आणि ५ मिनिटांनी त्याच जागी उभं ठेवून फोटो काढतात आणि जठराच्या तोंडापासून बेरियमचा खांब किती उंच आहे ते मोजतात. निरोगी माणसात एका मिनिटात बहुतेक सगळं खाली गेलेलं असतं. उभ्या माणसाच्या पाण्याला लाटेची फारशी गरजच नसते, वजनानेच ते उतरतं. १ मिनिटाला ५ सेंटिमीटरपेक्षा जास्त आणि ५ मिनिटांना २ सेंटिमीटरपेक्षा जास्त खांब राहिला तर अकॅलेशियाकडे बोट जातं. तुमचे आकडे १३ आणि १०. चार मिनिटांत फक्त तीन सेंटिमीटर उतरलं. खालचं टोक गुळगुळीत निमुळतं होत गेलंय, ज्याला रेडिओलॉजिस्ट 'पक्ष्याची चोच' म्हणतात.

किती मिली पाजलं ते रिपोर्टवर लिहिलंय का, ते आवर्जून पाहा. नसेल तर त्या सेंटरला फोन करून लिहून घ्या. उपचारानंतर हीच तपासणी पुन्हा करतात, आणि तेव्हा तेवढंच बेरियम दिलं तरच दोन्ही आकड्यांची तुलना होते. पुष्कळ रुग्णांना उपचारानंतर बरं वाटतं आणि खांब मात्र तसाच असतो. अन्ननलिका ताणाला सरावलेली असते, तिला कळतच नाही. असे लोक वर्षभराने पुन्हा अडकून येतात.

मग नळी कशाला? बेरियमच्या फोटोत एवढंच दिसतं की खाली उतरत नाही. का उतरत नाही ते दिसत नाही. झडप उघडत नाही म्हणून, की बाहेरून काही दाबतंय म्हणून, की जठराच्या तोंडाशी अस्तराखाली पसरलेली गाठ आहे म्हणून, हे फोटोत कधीकधी हुबेहूब सारखं दिसतं. आणि वरच्या भागात स्नायू थकून गप्प पडलेत, की अवेळी पिळे मारताहेत, हेही बेरियमवर खात्रीने सांगता येत नाही. दाब मोजावाच लागतो.

मॅनोमेट्रीची नळी बोरूएवढीही जाड नसते, साधारण चार मिलिमीटर. नव्या प्रकारच्या नळीवर एकेका सेंटिमीटरवर दाब मोजणारे ३६ संवेदक असतात, म्हणजे घशापासून जठरापर्यंत सगळीकडचा दाब एकाच वेळी पडद्यावर रंगांत दिसतो. नाकात बधिर करणारी जेली लावून नळी घालतात. गुंगी देत नाहीत, कारण गुंगीच्या औषधांनी दाबच बदलतात. घशातून जाताना दोन मिनिटं ओकारी येते, डोळ्यांत पाणी येतं. त्यावेळी तुम्ही छोटे घोट घेत गिळत राहायचं. एकदा बसली की त्रास कमी होतो. मग आडवं झोपवून ५ मिलीचे पाण्याचे दहा घोट एकेक करून गिळायला सांगतात, दोन घोटांमध्ये अर्धा मिनिट काहीही न गिळता थांबायचं असतं. हे थांबणंच लोकांना सगळ्यांत अवघड जातं. नंतर बसवून आणखी काही घोट. सगळं अर्ध्या तासात आटपतं.

तुमच्या बाबतीत एक अडचण येऊ शकते, ती आधीच सांगून ठेवतो. अन्ननलिका फुगलेली असली की नळी तिथेच वेटोळं घेते आणि झडपेतून पलीकडे जातच नाही. मग झडपेचा दाब मोजलाच जात नाही, आणि अननुभवी माणूस भलताच आकडा लिहून मोकळा होतो. नळी पोटात गेली हे ओळखायची खूण अशी: दीर्घ श्वास घेतल्यावर छातीतला दाब खाली जातो आणि पोटातला वर चढतो. आलेखात ही उलटापालट दिसली पाहिजे. नसेल तर काही ठिकाणी दुर्बिणीच्या मदतीने नळी पुढे सरकवतात. तुम्ही एवढंच विचारा, 'नळी जठरात पोचली होती का?'

रिपोर्टमध्ये पहिला आकडा शोधायचा तो आयआरपी. घोट घेतल्यानंतरच्या दहा सेकंदांत झडपेचा दाब सर्वांत कमी असलेले चार सेकंद निवडून त्यांची सरासरी काढलेली असते. सोप्या भाषेत, झडप जास्तीत जास्त सैल झाली तेव्हाही किती घट्ट होती. आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी वापरल्या जाणाऱ्या यंत्रावर आडव्या स्थितीत १५ मिलिमीटर पाऱ्यापर्यंत ठीक मानतात. दुसऱ्या कंपनीच्या यंत्राची मर्यादा वेगळी असते, म्हणून रिपोर्टमध्ये त्या यंत्राची मर्यादा शेजारी लिहिलेली हवी. नुसता आकडा घेऊन इंटरनेटवर ताडून बघू नका.

दुसरं पाहायचं ते झडपेच्या वरच्या भागात दहा घोटांचं काय झालं. समजा तुमचा आयआरपी २८ आला. आता तीन शक्यता. दहाही घोटांना अन्ननलिकेत काहीच घडलं नाही, आलेख निळाच राहिला, तर तो पहिला प्रकार. स्नायू थकलेत, बहुधा आजार जुना आहे. लाट नाहीच, पण दहापैकी दोन किंवा जास्त घोटांना वरपासून खालपर्यंत सगळीकडे एकदमच सारखा दाब चढला, तर दुसरा प्रकार. टूथपेस्टच्या ट्यूबचं बूच लावून ती मधोमध दाबली तर होतं तसं: आतलं कुठेच जात नाही, नुसता दाब वाढतो. याचा अर्थ स्नायूत अजून जीव आहे. तिसऱ्या प्रकारात खालच्या भागात अवेळी, घोट पोचायच्या आधीच, म्हणजे गिळल्यापासून साडेचार सेकंदांच्या आत, जोरदार आकडी येते, आणि तीही दहात किमान दोन घोटांना. छातीत कळा येणारे रुग्ण यात जास्त. तुमची कळ अधूनमधून आहे, तेवढ्यावरून मी प्रकार सांगणार नाही. रुग्णांच्या वर्णनावरून प्रकार ओळखण्यात भलेभले फसतात.

ही विभागणी २००८ मध्ये शिकागोच्या डॉक्टरांनी मांडली आणि तिचा उपयोग लगेच दिसला, कारण उपायांचा गुण प्रकारानुसार येतो. दुसऱ्या प्रकाराचे रुग्ण सर्वांत चांगले सुधारतात, मग फुग्याने झडप ताणा, दुर्बिणीतून स्नायू कापा, नाहीतर पोटावर छोटी छिद्रं पाडून तोच स्नायू कापणारी हेलरची शस्त्रक्रिया करा. तिसऱ्या प्रकारात फक्त झडप उघडून भागत नाही, आकडी येणारा वरचा लांब भागही मोकळा करावा लागतो. तो दुर्बिणीतून हव्या तेवढ्या लांबीचा कापता येतो, म्हणून तिथे पोएम नावाची पद्धत पुढे आहे. जपानच्या हारुहिरो इनोउए यांनी ती २००८ मध्ये माणसावर पहिल्यांदा केली, आज आपल्याकडच्या मोठ्या शहरांतही होते. नळी न घालता तिसऱ्या प्रकाराला फुग्याने ताणलं तर पैसे जातात आणि अडकणं राहतं. माझ्या मते नळी घालण्याचं हेच सर्वांत मोठं कारण.

दोन तपासण्या एकमेकींशी जुळल्या नाहीत की खरी परीक्षा असते, आणि तसं होतंही. माझ्याकडे पन्नाशीचे एक गृहस्थ आले होते. मॅनोमेट्रीत आयआरपी २२, लाटा मात्र दहापैकी आठ ठीक. रिपोर्टवर 'जठराच्या तोंडाशी अडथळा' असा शेरा, आणि कुणीतरी त्यांना पोएम करायला सांगितलेलं. आम्ही टाइम्ड बेरियम केलं: १ मिनिटाला २ सेंटिमीटर, ५ मिनिटांना काही नाही. म्हणजे दाब दिसतोय पण अडत तर काहीच नाही. खोदून विचारलं तेव्हा कळलं की पाठदुखीसाठी ते सहा महिने रोज ट्रॅमाडॉल घेत होते. अफूच्या जातीची औषधं झडप घट्ट करतात आणि अन्ननलिकेत आकड्याही आणतात. आलेख हुबेहूब अकॅलेशियासारखा दिसू शकतो. अस्थिरोगतज्ज्ञांशी बोलून औषध बदललं, दोन महिन्यांनी मॅनोमेट्री पुन्हा केली, आयआरपी ११. स्नायू न कापता माणूस बरा झाला. म्हणून मॅनोमेट्रीत फक्त झडपेचा दाब वाढलेला असेल आणि लाटा शाबूत असतील, तर एकट्या त्या आकड्यावर कुणीही शस्त्रक्रिया ठरवू नये. बेरियमने अडथळा दाखवला पाहिजे, आणि तक्रारही तशी असली पाहिजे.

उलटही घडतं. दहाही घोट फसलेले पण आयआरपी १३ किंवा १४, म्हणजे मर्यादेच्या आतच. कागदावर हा अकॅलेशिया ठरत नाही. मग दोन शक्यता उरतात. एक, पहिल्या प्रकाराचा जुना अकॅलेशिया, ज्यात अन्ननलिका एवढी ढिली पडली आहे की दाब चढतच नाही. दुसरी, स्क्लेरोडर्मासारखा आजार, ज्यात लाटही नाही आणि झडपही सताड उघडी. दुसऱ्यात झडप कापणं म्हणजे ॲसिडला रान मोकळं करून देणं. इथे निवाडा बेरियम देतं: खांब उभा राहिला तर पहिली शक्यता, सरसर उतरला तर दुसरी. स्क्लेरोडर्मात थंडीत बोटं पांढरी-निळी पडणं, हातांची कातडी ताठरणं हेही विचारायचं असतं. तुमच्या बेरियमचे आकडे हातात आहेत, म्हणून तुमचा आयआरपी उद्या काठावर आला तरी गोंधळ होणार नाही. दोन्ही तपासण्या करण्याचा हा फायदा.

रिपोर्टवर अकॅलेशियाची 'शंका' असं लिहिलंय, ते बरोबर आहे. जठराच्या तोंडाचा कर्करोग कधीकधी अकॅलेशियाचं सोंग घेतो, बेरियमवर तशीच चोच, मॅनोमेट्रीत तसाच आलेख. वय साठीच्या पुढे, त्रास वर्षभराच्या आतला आणि वजन भराभर दहा किलोंहून जास्त घटलेलं, असं त्रिकूट दिसलं की आम्ही छातीचा-पोटाचा सीटी स्कॅन किंवा दुर्बिणीतून सोनोग्राफी केल्याशिवाय पुढे जात नाही. दुर्बीण झडपेतून जाताना नेहमीपेक्षा जास्त जोर लावावा लागला, तरीही. तुमचं वय ३८, त्रास तीन वर्षांचा. शक्यता कमी, पण तुमच्या डॉक्टरांनी सीटी सांगितला तर तो उगाच सांगितला असं समजू नका.

आजार किती वाढलाय हे मोजायची एक साधी पद्धत आहे, एकार्ट स्कोअर. चार गोष्टींना प्रत्येकी शून्य ते तीन गुण. तुमचं करून पाहू: अडकणं प्रत्येक जेवणात, ३. वर येणं रोज, २. छातीतली कळ कधीकधी, १. वजन पाच ते दहा किलोंच्या मध्ये घटलेलं, २. बारापैकी आठ. उपचारानंतर तीन किंवा कमी व्हायला हवा. हा कागद जपून ठेवा. मात्र हा स्कोअर निदानासाठी नाही. साध्या ॲसिडिटीवाल्याचाही पाच येऊ शकतो.

उपायांबद्दल आत्ता फार लिहीत नाही, प्रकार कळल्यावर बोलू. एवढं समजून घ्या की मेलेल्या पेशी परत आणणारं औषध नाही. १६७४ मध्ये थॉमस विलिस या इंग्रज डॉक्टरने देवमाशाच्या हाडाला टोकाला स्पंज बांधून दिलं होतं, आणि त्याचा रुग्ण जेवल्यावर ते घशातून घालून अन्न खाली लोटत असे. अशी त्याने कित्येक वर्षं काढली. आजच्या पद्धती सभ्य आहेत, पण तत्त्व तेच, झडप हाताने उघडायची. ३०, ३५, ४० मिलिमीटरचे फुगे टप्प्याटप्प्याने वापरतात. त्यात शंभरात एक-दोघांची अन्ननलिका फाटण्याचा धोका असतो. पोएमनंतर ॲसिड वर येण्याचं प्रमाण जास्त, आणि तेव्हा मात्र ॲसिडच्या गोळ्यांची खरी गरज पडते. कुणी बोटॉक्सचं इंजेक्शन सुचवलं तर तुमच्या वयाला मी नको म्हणेन. त्याचा गुण सहा महिने ते वर्षभर टिकतो, आणि पुन्हा पुन्हा दिलं तर पुढची शस्त्रक्रिया किचकट होते. शस्त्रक्रिया न झेपणाऱ्या म्हाताऱ्या माणसांसाठी ते ठीक.

मॅनोमेट्रीला जायच्या आधी काही गोष्टी. आदल्या दिवशी फक्त पातळ घ्या: ताक, भाताची पेज, गाळलेलं सूप. रात्री नऊनंतर काही नको. साधा सहा तासांचा उपवास तुम्हाला पुरत नाही, कारण कालची भाकरी अजून अन्ननलिकेत असू शकते आणि नळी घालताना ती फुप्फुसात जायची भीती असते. रक्तदाबाच्या गोळ्या, हृदयाच्या 'नायट्रेट' गोळ्या, उलटी थांबवायच्या किंवा पोट हलवायच्या गोळ्या, वेदनाशामकं, यांतलं काय घेता ते डॉक्टरांना आधी सांगा. काही औषधं दाब कमी करतात, काही वाढवतात. मनाने काही बंद मात्र करू नका. सीटी स्कॅन किंवा पुन्हा बेरियम ठरलं आणि पाळी लांबली असेल तर एक्स-रेच्या आधी तसं सांगा.

तोवर रात्री झोपायच्या आधी तीन तास काही खाऊ नका. नुसती उशी उंच करून मान वाकते, उपयोग होत नाही. पलंगाचे डोक्याकडचे पाय विटांवर ठेवा. मोठ्या गोळ्या कोरड्या गिळू नका. डॉक्सिसायक्लिनसारखी गोळी अडकून राहिली तर तिथेच व्रण करते. शाळेत मुलांसोबत जेवायला संकोच वाटत असेल तर मधल्या सुट्टीत ताक किंवा सत्त्वाची पेज न्या. थुंकीही गिळता येईनाशी झाली, ताप येऊन खोकल्याला दुर्गंधी कफ यायला लागला, किंवा काळी शौच झाली, तर मॅनोमेट्रीच्या तारखेची वाट न बघता दवाखाना गाठा.

मॅनोमेट्रीचा रिपोर्ट आला की फक्त शेवटची ओळ नको, रंगीत आलेखांची पानंही मागून घ्या. त्याबरोबर बेरियमचे तीनही फोटो, एंडोस्कोपीचा जुना कागद आणि सध्याच्या सगळ्या गोळ्यांची यादी एकाच फाइलमध्ये लावा. तुमच्या डॉक्टरांना विचारायचे प्रश्न तीनच: नळी जठरात गेली होती का, प्रकार कोणता, आणि त्या प्रकाराला तुम्ही काय कराल, ते इथे होतं की पुण्या-मुंबईला जावं लागेल?